दाढीत तेल घालून

दाढी वाढवायला घेतली तेव्हा ती हनुवटीवर तण माजावं तशी आली आणि उजव्या गालावर दोन बोटं मावतील एवढी जागा तिनं कोरी सोडली. तेही चाललं असतं, पण दुसऱ्या आठवड्यात खाज सुटली. सुरुवातीला ती सुटतेच. ब्लेडनं कापलेल्या केसाचं टोक धारदार असतं आणि केस जरा वळला की ते आपल्याच कातडीला टोचतं. केस लांबले की टोचणं थांबतं म्हणतात. माझं काही थांबेना.

मग बदामाचं, सुवासिक असं दाढीचं तेल आणलं. रोज आठ-दहा थेंब चोळायचो. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवसापासून शर्टावर कोंडा पडायला लागला. कातडी कोरडी पडली असणार, असं म्हणून मी तेल वाढवलं. आगीत तेल ओतणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

त्वचेच्या डॉक्टरांनी दाढीआधी माझ्या भुवया आणि नाकाच्या कडा पाहिल्या. तिथंही खवले होते. "कोरड्या कातडीचा कोंडा बारीक, भुरभुरीत असतो. हा पिवळट, चिकट आहे आणि खाली लाली आहे. तेल बंद करा," त्या म्हणाल्या. मॅलॅसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर राहते आणि स्निग्ध पदार्थांवर जगते. बदाम, ऑलिव्ह अशी बहुतेक वनस्पती तेलं तिला मानवतात. म्हणजे मी रोज तिची पंगत वाढत होतो!

उपाय साधा निघाला. 2 टक्के कीटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा ओल्या दाढीत, केसांना नव्हे तर मुळाशी कातडीला लावायचा, पाच मिनिटं ठेवून धुवायचा. असं चार आठवडे. दुसऱ्या आठवड्यातच खाज उतरली. आता तेल लावतो ते स्क्वालेनचं, वास नसलेलं, फक्त तीन थेंब. ते या बुरशीला पचत नाही.

कोऱ्या जागेवर मात्र कुठल्याच तेलानं केस उगवले नाहीत. तिथं कामी आला ट्रिमर. पातळ भाग वाढवण्याच्या नादात मी दाट भागही वाढवत होतो, त्यामुळे भोक जास्तच दिसायचं. आता हनुवटीला 5 मिलिमीटरचा गार्ड आणि गालाला 8 चा. गालावरचे केस खाली वाढतात, म्हणून भोकाच्या वरचे लांब ठेवले की ते त्यावर छपरासारखे येतात. दाढीच्या बाममधलं मेण त्यांना तिथंच धरून ठेवतं. बाम नखाएवढाच घेऊन तळहातांवर वितळवतो आणि केसांच्या टोकांना लावतो, कातडीला लागू देत नाही, कारण त्यातही स्निग्ध पदार्थ असतातच. ट्रिमर कोरड्या दाढीवर चालवायचा, कारण ओले केस लांब दिसतात आणि हात सैल सुटतो.

एवढं शहाणपण आल्यावर परवा सकाळी घाईत गार्ड नीट न बसवताच ट्रिमर फिरवला. आता डाव्या गालावरही दोन बोटं मावतात.