झाल्यात जमा

दुपारी डबा खाऊन झाला, कानात हेडफोन घातले आणि ७२ मिनिटांचं रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं. सोमवारी आमच्या प्रोजेक्टवर एक मुलगी येतेय, काम निम्म्यावर आलेलं असताना. मंगळवारचा कॉल तिच्यासाठीच होता, पण तिला जमलं नाही. मग सारांश माझ्या गळ्यात.

कर्जाचा अर्ज मोबाइलवरून भरता यावा, एवढंच आमचं काम. त्याचा इतिहास सांगण्यात सरांची १७ मिनिटं गेली. मी त्यातलं एकच ठेवलं: जुना लांबलचक फॉर्म का टाकून दिला. नाहीतर पहिल्याच आठवड्यात ती तोच सुचवणार.

अडले ते सद्यस्थितीपाशी. ४१व्या मिनिटाला सर म्हणतात, "ओटीपीचं टेस्टिंग झाल्यात जमा आहे." मी 'झालं' लिहून मोकळी. ५८व्या मिनिटाला टेस्टिंगवाला मुलगा हळूच पुटपुटतो, "पण डीएलटीचं अजून आलं नाहीये." म्हणजे एसएमएसचा मजकूर नोंदवून मंजूर झालेला नाही, आणि तोवर खऱ्या ग्राहकाच्या फोनवर ओटीपी पोचणारच नाही. टेस्टिंग झालं ते ओटीपीच्या जागी एक ठरावीक आकडा टाकून. त्याला फोन केला. "अजून नाही, ताई."

'झालं' खोडून लिहिलं: स्क्रीन तयार, चाचणी ठरलेल्या आकड्यावर, खरा एसएमएस अडकलेला. पुढे आजची तारीख आणि ४१, ५८ हे मिनिटांचे आकडे, म्हणजे तिला वाटलं तर तेवढंच ऐकेल. सरांचं 'येत्या गुरुवारी'सुद्धा तारखेत बदललं. सोमवारी वाचणारीला कुठला गुरुवार कळणार?

गिरगावात आमच्या चाळीत नवं बिऱ्हाड आलं की माई त्यांच्या दारात उभ्या राहायच्या. हातात ओलं फडकं, निम्मा पदर कमरेला. चाळ कोणी बांधली वगैरे नाही. "पाणी साडेचारला येतं, पण धार धरते पावणेपाचला. टाकीची किल्ली खालच्या नानांकडे, त्यांना दोन ते चार उठवायचं नाही. मोरी तुंबली तर नाना नाहीत, कोपऱ्यावरचा शंकर." हुद्दा कुणाचाच नाही. कशासाठी कोण, आणि कधी नाही, एवढंच. माई विरारला मुलाकडे गेल्या, त्यानंतर आलेल्या बिऱ्हाडाने पहिल्याच दुपारी अडीचला नानांचं दार वाजवलं. तो आवाज अजून आठवतो.

संपर्काच्या यादीत मीही तसंच लिहिलं. बजेटसाठी सर, सकाळी अकराच्या आत. एसएमएसचं काहीही असलं तर टेस्टिंगवाला मुलगा. त्याचं नाव टाइप केलं आणि हात थांबला. त्याने राजीनामा दिलाय. ३० तारीख शेवटची. कॉलमध्ये हे कुणीच बोललं नव्हतं.

नावापुढे लिहिलं, '३० पर्यंत'. त्याच्या खालची ओळ अजून रिकामी आहे.