मुंबई ते मंगळूर: रेडिओ अल्टिमीटरवर नजर ठेवून केलेला प्रवास

मंगळूरचा विमानतळ डोंगरमाथा सपाट करून बांधलेला आहे. धावपट्टीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 340 फूट, आणि टोकांपलीकडे जमीन एकदम खाली जाते. विमानातले दोन उंचीमापक दोन वेगळे आकडे का सांगतात, हे इथल्या उतरणीत फार स्पष्ट दिसतं. कॉकपिटच्या मागच्या खुर्चीवर बसून किंवा सिम्युलेटरवर हा मार्ग करणार असाल, तर पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

मुंबईत विमान उभं असतानाच दोन्ही आकडे पाहून घ्या. दाबावर चालणाऱ्या अल्टिमीटरवर क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला स्थानिक दाब, लावला की तो चाळीसेक फूट दाखवतो. ही विमानतळाची उंची. रेडिओ अल्टिमीटर मात्र शून्याच्या आसपास, कधी उणे तीन-चार फूटही दाखवतो. हा बिघाड नव्हे. उतरताना नाक वर असतं आणि मागची चाकं टेकतात, त्या क्षणी शून्य यावं असं यंत्र जुळवलेलं असतं. नाक खाली आलं की पोटाखालचे अँटेना जमिनीच्या आणखी जवळ येतात. डाव्या-उजव्या यंत्रांत मोठा फरक असेल, तर मात्र उड्डाणाआधीच विचारायला हवं.

हे यंत्र मोजतं कसं? एक अँटेना खाली लहर सोडतो, दुसरा तिचा परतावा पकडतो. लहरीची वारंवारता 4200 ते 4400 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सतत वर-खाली सरकत असते. समजा ती 10 मिलिसेकंदांत 100 मेगाहर्ट्झ चढते. विमान 1000 फुटांवर असेल, तर लहरीला जाऊन यायला सुमारे 2 मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात सुटणारी लहर पुढे सरकलेली असते, म्हणून परतलेल्या आणि आत्ता सुटणाऱ्या लहरीत सुमारे 20 किलोहर्ट्झचा फरक पडतो. म्हणजे एका फुटाला वीस हर्ट्झ. यंत्र हा फरक मोजतं आणि उंची सांगतं. यात हवेच्या दाबाचा संबंधच येत नाही. खाली जे आहे, मग ते झाड असो, छप्पर असो वा पाणी, तिथपर्यंतचं अंतर मिळतं.

दाबाचा अल्टिमीटर जमीन पाहतच नाही. तो बाहेरचा दाब मोजून उंचीत बदलतो. समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलला साधारण 28 फूट धरा. पावसाळ्यात क्यूएनएच 1003 असताना वरच्या उड्डाणासाठी लावलेला प्रमाण दाब 1013 तसाच राहिला, तर तो विमान खऱ्याहून 280 फूट उंच दाखवेल. म्हणून उतरताना क्यूएनएच लावलेला प्रत्यक्ष पाहा, नुसता ऐकू नका.

बहुतेक प्रवासी विमानांत रेडिओ अल्टिमीटर जमिनीपासून 2500 फुटांच्या आत आल्यावरच आकडा देतो. त्यामुळे वाटेतल्या बहुतांश वेळी तो कोराच राहील. धावपट्टी 24 कडे जमिनीवरून येताना तो जागा होतो आणि खालच्या टेकड्यांप्रमाणे उड्या मारू लागतो. विमान सरळ उतरत असताना आकडा वाढलेला दिसला तर घाबरू नका, खाली दरी आली आहे.

आता धावपट्टीच्या एक सागरी मैल अलीकडचं गणित घेऊ. तीन अंशांच्या उतारावर विमान धावपट्टीच्या पातळीपेक्षा सुमारे 370 फूट वर असतं. दाबाचा अल्टिमीटर 710 दाखवतो. खालची दरी धावपट्टीहून 200 फूट खोल धरली, तर रेडिओ अल्टिमीटर 570 सांगेल. तिथून धावपट्टीच्या उंबरठ्यापर्यंत 140 नॉटच्या वेगाने 26 सेकंद लागतात आणि तिथे त्याचा आकडा 50 व्हायचा आहे. विमान खरं उतरतं 320 फूट, पण आकडा 520 फुटांनी घसरतो, आणि जास्तीची घसरण कड्यापाशी एकदम होते. ती पाहून नाक उचललं, तर विमान तरंगत पुढे जातं आणि अशा धावपट्टीवर पुढची लांबी हातची जाते. कड्यापर्यंत दाबाचा अल्टिमीटर आणि उतार बरोबर आहे का ते दाखवणारे धावपट्टीशेजारचे दिवे पाहा. रेडिओ अल्टिमीटरच्या आकड्यावरून यंत्र देतं त्या पन्नास, तीस, दहा या हाका धावपट्टीवर आल्यावरच उपयोगाच्या.

यंत्र खोटं बोललं तर काय होतं, हे 25 फेब्रुवारी 2009 रोजी ॲमस्टरडॅमजवळ दिसलं. टर्किश एअरलाइन्सच्या बोइंग 737-800 चा डावा रेडिओ अल्टिमीटर सुमारे 1950 फुटांवर उणे 8 फूट दाखवू लागला. इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणारा ऑटोथ्रॉटल त्याच यंत्रावर विसंबून होता. विमान टेकायला आलंय असं समजून त्याने इंजिनांची ताकद कमी केली. वेग घटत गेला, ते वेळेत लक्षात आलं नाही, विमान शेतात कोसळलं आणि 9 जण दगावले. त्या क्षणी दाबाचा अल्टिमीटर जवळपास दोन हजार फूट दाखवत होता.

त्यामुळे मंगळूरला 2500 फुटांची हाक आली की लगेच दाबाच्या आकड्यातून खालच्या जमिनीची नकाशावरची उंची वजा करा आणि उत्तर रेडिओ अल्टिमीटरशी ताडून पाहा. टेकड्यांमुळे दोनेकशे फुटांचा फरक चालेल. उत्तर हजारांनी चुकलं, तर थ्रॉटल कुठे आहे ते आधी पाहा, मग वेग.