आजपासून तीन दिवस की त्या दिवसापासून?

आमच्या कारखान्यातून परदेशी पुरवठादारांना जाणारी पत्रं माझ्या नजरेखालून जातात. मजकूर बहुतेक वेळा मेंटेनन्स किंवा स्टोअर्सची मुलं लिहितात, मी भाषा तपासते आणि पुढे पाठवते. त्या गुरुवारी मेंटेनन्सच्या मुलाने एक छोटा ईमेल आणून दाखवला. हायड्रॉलिक पंपाच्या सीलमधून तेल गळत होतं आणि नवीन सील वॉरंटीत मिळावं अशी मागणी होती. मजकूर चारच वाक्यांचा होता.

त्यातली दोन वाक्यं इथे महत्त्वाची. पहिलं, ‘युअर टेक्निशियन व्हिजिटेड अस ऑन मंडे.’ त्यात चूक नव्हती. दुसरं, ‘द लीक हॅड स्टार्टेड बिफोर थ्री डेज.’ हे ‘बिफोर थ्री डेज’ मी आजवर शेकडो वेळा दुरुस्त केलं आहे. मराठीत ‘तीन दिवसांपूर्वी’ म्हणतो, त्याचं शब्दशः इंग्रजी करताना हात आपसूक तिकडे वळतो. मी नेहमीप्रमाणे ते खोडून ‘थ्री डेज अगो’ केलं. ‘अगो’बरोबर साधा भूतकाळ येतो, म्हणून ‘हॅड स्टार्टेड’चं ‘स्टार्टेड’ही केलं. वाक्य व्याकरणात चोख बसलं आणि मी ईमेल पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तुमच्या ईमेलनुसार गळती 11 तारखेला सुरू झाली, वॉरंटी 10 तारखेला संपली, त्यामुळे सीलचे पैसे द्यावे लागतील.

मुलगा तो कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आला. “मॅडम, गळती 8 तारखेची आहे. शुक्रवारची. मी तसंच लिहिलं होतं ना?”

मी कॅलेंडर समोर ओढलं. गळती दिसली शुक्रवारी, 8 तारखेला. वॉरंटी संपली रविवारी, 10 तारखेला. त्यांचा तंत्रज्ञ ठरलेल्या तपासणीसाठी आला सोमवारी, 11 तारखेला. आमचा ईमेल गेला गुरुवारी, 14 तारखेला. आता ‘थ्री डेज अगो’ मोजायचं. ‘अगो’ नेहमी लिहिणाऱ्याच्या ‘आत्ता’पासून मागे मोजतं, म्हणजे ईमेलच्या तारखेपासून. 14 मधून तीन गेले, राहिले 11. वाचणाऱ्याने अगदी बरोबर हिशोब केला होता. त्यात तंत्रज्ञाच्या अहवालातही गळतीची पहिली नोंद 11 तारखेचीच होती, कारण त्याला ती त्या दिवशी दिसली. आमच्या ईमेलने त्या तारखेवर शिक्काच मारला.

मुलाच्या मनात मात्र वेगळं वाक्य होतं. मी त्याला ते मराठीत सांगायला लावलं. तो म्हणाला, “त्यांचा माणूस सोमवारी आला, गळती त्याच्या तीन दिवस आधीच सुरू झाली होती.”

ऐकल्याबरोबर माझी चूक मला दिसली. त्याचे तीन दिवस सोमवारपासून मागे मोजायचे होते, गुरुवारपासून नाही. भूतकाळातल्या एका घटनेपासून आणखी मागे जायचं असेल तर इंग्रजीत ‘थ्री डेज बिफोर’ लागतं, आणि क्रियापदाला सहसा ‘हॅड’ लागतो. त्याने ‘हॅड’ बरोबर वापरला होता. ‘बिफोर’ही बरोबर निवडला होता. चुकला होता फक्त क्रम: ‘बिफोर थ्री डेज’ऐवजी ‘थ्री डेज बिफोर’ हवं होतं. मी तो क्रम बदलण्याऐवजी शब्दच बदलला, आणि गळती सोमवारच्या आधीची आहे हे सांगणारा एकमेव धागा, तो ‘हॅड’, तोही काढून टाकला. चुकीचं इंग्रजी खरी तारीख सांगत होतं आणि माझं शुद्ध इंग्रजी खोटी. तपासणाऱ्याने सवयीने पेन चालवलं की असं होतं, आणि याची टोचणी मला अजून आहे.

घोटाळ्याचं मूळ आपल्या भाषेत आहे. मराठीत ‘आधी’ आणि ‘पूर्वी’ दोन्ही कामं करतात. ‘तीन दिवसांपूर्वी ईमेल पाठवला’ म्हणजे आजपासून, ‘बैठकीच्या तीन दिवस आधी पाठवला’ म्हणजे बैठकीपासून. कुठून मोजायचं हे मराठी वाक्य संदर्भावर सोडू शकतं. इंग्रजी ते शब्दातच ठरवून टाकतं. म्हणून आता मी आधी मराठी वाक्यात ‘आजपासून’ घालून बघते. अर्थ टिकला तर ‘अगो’. ‘त्या दिवसापासून’ घातल्यावरच अर्थ लागत असेल तर ‘बिफोर’.

आणि ‘बिफोर थ्री डेज’ची आणखी एक गंमत नसलेली बाजू आहे. ‘बिफोर’च्या पुढे एखादा दिवस किंवा प्रसंग शोभतो: ‘बिफोर मंडे’, ‘बिफोर द मीटिंग’. तिथे दिवसांचा आकडा आला की वाचणाऱ्याला ती मुदत वाटू शकते. ‘प्लीज रिप्लाय बिफोर थ्री डेज’ हे तो ‘तीन दिवसांच्या आत उत्तर द्या’ असं समजून घेतो. झालेली गोष्ट सांगायला तेच शब्द वापरले की तो गोंधळतो, आणि गोंधळलेला माणूस सोयीचा अर्थ धरतो.

आम्ही दोघांनी बसून नवा ईमेल लिहिला. आधी तारखा घातल्या, मग शब्द. ‘युअर टेक्निशियन व्हिजिटेड अस ऑन मंडे द 11थ. द लीक हॅड स्टार्टेड थ्री डेज बिफोर हिज व्हिजिट, ऑन फ्रायडे द 8थ.’ ‘बिफोर’नंतर ‘हिज व्हिजिट’ मुद्दाम ठेवलं. नुसतं ‘थ्री डेज बिफोर’ लिहूनही चालतं, पण मग आधीच्या वाक्यातली घटना वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असायला हवी, आणि ईमेलमध्ये लोक मधलंच एखादं वाक्य उचलून वाचतात. पहिल्या ईमेलमधली तारीख आमच्या शब्दामुळे चुकली हेही सरळ लिहिलं. सोबत ऑपरेटरच्या लॉगबुकमधल्या 8 तारखेच्या पानाचा फोटो जोडला. त्यावर वेळ आणि सही दोन्ही होतं.

पाठवण्यापूर्वी मुलाने शेवटी एक वाक्य वाढवलं होतं: ‘आय हॅव सेंट द फोटोज टू डेज अगो.’ इथे ‘अगो’ बरोबर होतं. सीलचे फोटो त्याने खरंच दोन दिवस मागे, बुधवारी, पाठवले होते आणि मोजणी ईमेल लिहिण्याच्या दिवसापासून, म्हणजे शुक्रवारपासूनच होती. पण ‘हॅव’ चालत नाही. ‘हॅव सेंट’ म्हणजे पाठवून झालंय, केव्हा ते उघडं ठेवलंय. ‘अगो’ ती वेळ पक्की करतं, म्हणून ‘सेंट’ एवढंच. आम्ही ‘हॅव’ काढला आणि पुढे ‘ऑन वेन्सडे द 13थ’ जोडलं. तो ईमेल सोमवारी उघडला गेला असता तरी 13 तारीख 13च राहिली असती. शिवाय पुढे पाठवलेल्या ईमेलमध्ये वरची तारीख नवीन दिसते, आणि घाईत वाचणारा ‘टू डेज अगो’ तिथूनच मोजतो. मसुदा एक रात्र ड्राफ्टमध्ये पडून राहिला तरी ‘अगो’ एका दिवसाने सरकतं, हेही तेव्हाच आमच्या लक्षात आलं.

चार दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. लॉगबुकचं पान ग्राह्य धरलं होतं आणि सील वॉरंटीत पाठवत होते. मुलाने ते वाचलं आणि विचारलं, “मॅडम, आता आभाराच्या ईमेलमध्ये ‘यू रिप्लाइड’च्या पुढे काय लिहू, कालचं उत्तर आहे?”

“‘यस्टरडे’,” मी म्हटलं, “आणि पुढे तारीख.”