कापडी मिडसोल आणि बारा गेजचा खिळा

पुण्याजवळच्या आमच्या बांधकामावर स्लॅबची सेंट्रिंग उतरवताना एका सुताराच्या पायात खिळा घुसला. त्याने पायात नवे सेफ्टी शूज घातले होते आणि त्यांवर खिळारोधक असल्याची खूणही होती. डॉक्टरांनी जखम उघडून, सोलचा तुकडा आत राहिलेला नाही याची खात्री केली आणि धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. सुरक्षा अधिकारी या नात्याने मी तो बूट ताब्यात घेऊन कापला.

आत पोलादी पत्र्याऐवजी अनेक थरांच्या घट्ट विणीचे कापडी पाते, म्हणजेच मिडसोल, होते. ते फाटले नव्हते. धागे बाजूला सारून खिळा त्यांच्या मधून वर आला होता. खिळा अडीच इंची, बारा गेजचा, म्हणजे साधारण २.६ मिलिमीटर जाडीचा होता. याउलट जुन्या मानकातील चाचणीचा खिळा ४.५ मिलिमीटर जाड आणि टोकाला किंचित बोथट असतो व तो ११०० न्यूटन, म्हणजे सुमारे ११२ किलोच्या जोराने दाबतात. बूट त्या कसोटीस उतरलेला होता, म्हणून पुरवठादाराचे कागद निर्दोष ठरले. खिळा बारीक झाला की कापडाचा प्रतिकार झपाट्याने घटतो. पोलादी पत्र्याला त्याचा फरक फारच कमी पडतो. २०२२ च्या युरोपीय मानकात म्हणूनच कापडी पात्यांचे दोन वर्ग केले आहेत : ४.५ मिलिमीटरच्या खिळ्यासाठी ‘पीएल’ आणि ३ मिलिमीटरच्या खिळ्यासाठी ‘पीएस’. आमच्या खरेदी विभागाच्या मागणीपत्रात मात्र केवळ ‘एस३’ हा बुटाचा सर्वसाधारण वर्ग लिहिलेला असतो, आणि हा निष्काळजीपणा मला अजूनही खटकतो.

तरीही सर्वांना पोलादी पत्रा द्यावा, हे मला पटत नाही. सळया बांधणारा कामगार दिवसभर चवड्यांवर उकिडवा बसतो. पत्रा तिथेच वाकायला हवा, पण तो वाकत नाही. मग टाच बुटात वर सरकते, घासून फोड येतात आणि दुपारपर्यंत बूट बाजूला पडून पायात चप्पल येते. शिवाय बूट तयार करताना पत्रा कडेपासून थोडा आत ठेवावा लागतो, त्यामुळे सोलच्या काठाला संरक्षण नसते. कापडी पाते वरच्या भागाला शिवलेले असल्याने संपूर्ण तळवा झाकते.

आता सेंट्रिंग उतरवणाऱ्या टोळीला पोलादी आणि सळईवाल्यांना ‘पीएस’ बूट देतो. आमचा खिळा ३ मिलिमीटरहूनही बारीक असल्याने ‘पीएस’लाही मी पुरेसे मानत नाही, म्हणून फळी खाली येताच तिचे खिळे उपटायचे किंवा वाकवायचे, हे मुकादमावर बंधनकारक केले आहे. प्रश्न उरतो तो सुतारांचा, कारण तेच सेंट्रिंग लावतात, तेच उतरवतात आणि लावताना अर्धा वेळ उकिडवेच असतात. त्यांच्यासाठी मी पोलादी पत्रा निवडला आहे, आणि बूट जड व ताठ असल्याची त्यांची तक्रार खरी आहे.