काकांचा ईमेल आणि रात्री 9:20 चा मेसेज

मी शिवाजीनगर कोर्टाजवळ एका वकिलांच्या ऑफिसात ड्राफ्टिंगचं काम करते, ग्राहक तक्रारी जास्त येतात आमच्याकडे. जानेवारीत एक काका-काकू आले, कोथरूडचे, काका रिटायर्ड. केरळची 5 रात्री 6 दिवसांची टूर पुण्यातल्याच एका ट्रॅव्हल एजन्सीकडून घेतलेली, दोघांचे मिळून 62,000. आल्याआल्या काकांनी स्वतः लिहिलेला ईमेल दाखवला, अजून पाठवला नव्हता म्हणून बरं. दीड पान होतं आणि त्यात "फसवणूक" सहा वेळा, "लाज वाटली पाहिजे" दोन वेळा, पण कुठलं हॉटेल, कुठली तारीख, किती रुपये, यातलं काहीच नाही. राग खरा होता, मलाही वाचून वाईट वाटलं, पण असा मेल आला की एजन्सीवाला "सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स" टाकून मोकळा होतो, कारण त्याला उत्तर द्यावं लागेल असा एकही प्रश्न त्यात नसतो.

झालं होतं असं. मुन्नारचं हॉटेल गावात मिळणार होतं, मिळालं ते आनाचलच्या बाजूला, मॅपवर 14-15 किलोमीटर खाली, आणि काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना रूम दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कोची एअरपोर्टवर गाडी आलीच नाही, दीड तास वाट बघून शेवटी 4,200 रुपये देऊन टॅक्सी केली. हाऊसबोटीत दिवसा एसी बंद. आणि मुन्नारमध्ये संध्याकाळी गावात जायला रिक्षांना गेलेले पैसे वेगळे.

मी म्हणलं काका, आधी चॅट दाखवा. त्यांनी एक्सपोर्ट करून मुलाकडून प्रिंट काढून आणलेली, पण "विदाउट मीडिया" एक्सपोर्ट केलेली, त्यामुळे एजन्सीवाल्याच्या नावापुढे तीन ठिकाणी नुसतं `<Media omitted>`. फोनमध्ये बघितलं तर त्यातली एक व्हॉइस नोट होती आणि गाडीचं सगळं वचन त्या 18 सेकंदांतच होतं. मग परत मीडियासकट एक्सपोर्ट केलं, झिप फाइल काकांच्या स्वतःच्या मेलवर टाकली, आणि महत्त्वाच्या मेसेजचे स्क्रीनशॉट घेतले, न कापता, वर समोरच्याचा नंबर आणि मधे तारीख दिसेल असे. काकांना भीती होती की एजन्सीवाला मेसेज उडवेल. पण व्हॉट्सॅपवर "डिलीट फॉर एव्हरीवन" साधारण अडीच दिवसच चालतं आणि एडिट 15 मिनिटंच, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचा मेसेज तो काकांच्या फोनमधून काढू शकत नव्हता. डिसअपीअरिंग मेसेज चालू नाही ना एवढं मात्र मी लगेच तपासलं, नव्हतं.

आता खरी गोष्ट. एजन्सीचा बचाव काय असणार हे मला व्हाउचर बघताच कळलं, हॉटेलच्या नावापुढे बारीक अक्षरात "ऑर सिमिलर". म्हणजे हे नाही तर असंच दुसरं. बहुतेक व्हाउचरवर असतं ते, आणि लोक तिथेच हार मानतात. म्हणून मी चॅट, यूपीआयचा मेसेज आणि व्हाउचरचा मेल, तिन्हींच्या वेळा एका कागदावर खालीखाली लिहून काढल्या. 11 नोव्हेंबर, रात्री 9:12, काका विचारतात, "हॉटेल मुन्नार गावातच आहे ना? मिसेसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चढउतार नको." 9:20 ला उत्तर, "हो काका 100% मुन्नार टाऊन, मार्केट 5 मिनिट वॉकिंग, ग्राउंड फ्लोर रूम सांगितली आहे." 9:41 ला काकांच्या खात्यातून 25,000 गेले. आणि व्हाउचर? 15 तारखेला संध्याकाळी. म्हणजे आधी प्रश्न, मग वचन, मग पैसे, आणि "ऑर सिमिलर" चार दिवसांनी. हे बघून मी सरांना केबिनमधून बाहेर बोलवून आणलं, खरंच, कारण या 29 मिनिटांतच सगळी केस होती.

मेल मराठीतच लिहिला, दोघं बोलले मराठीत तर मेल इंग्रजीत कशाला. विषयात बुकिंग नंबर, प्रवासाच्या तारखा आणि "8,800 रुपये परताव्याची मागणी" एवढंच. मजकुरात प्रत्येक मुद्द्याला तीनच गोष्टी: काय कबूल केलं, काय मिळालं, फरक किती. कबुलीचं वाक्य जसंच्या तसं, त्याच्या चुकांसकट, तारीख आणि वेळेसह, आणि वर काकांचा प्रश्नसुद्धा, कारण नुसतं उत्तर टाकलं की "ते दुसऱ्या संदर्भात होतं" म्हणायला जागा राहते. व्हॉइस नोट शब्दशः उतरवली, "काका टेन्शन नका घेऊ, एअरपोर्टला ड्रायव्हर बोर्ड घेऊन उभा असेल, पूर्ण टूर तीच गाडी", आणि ऑडिओ फाइल सोबत जोडली.

पैशाचा हिशोब असा. टॅक्सी 4,200, पावती होती. कबूल केलेल्या हॉटेलचा आणि मिळालेल्या हॉटेलचा त्याच प्रकारच्या रूमचा दर एका बुकिंग साइटवर एकाच दिवशी बघून स्क्रीनशॉट घेतले, एका रात्रीचा फरक 2,300, दोन रात्री, 4,600. बेरीज 8,800.

इथे काका चिडले, हाऊसबोट कुठाय, रिक्षा कुठायत? मी त्यांना त्यांचीच आयटिनररी दाखवली, त्यात स्पष्ट लिहिलेलं की एसी रात्री 9 ते सकाळी 6. तिकडच्या बऱ्याच हाऊसबोटींचं तसंच असतं आणि ते आधी कळवलेलं होतं, मग ती तक्रार उभी राहत नाही. रिक्षांच्या पावत्या नव्हत्या. काकू म्हणाल्या, "अहो राहू द्या, जे खरं आणि दाखवता येतं तेच लिहा." एक चुकीचा मुद्दा घातला असता तर समोरच्याने त्यालाच उत्तर दिलं असतं आणि बाकीचे दोन तसेच लोंबकळत राहिले असते.

"ऑर सिमिलर"ला मेलमध्येच एक परिच्छेद दिला: व्हाउचर पैसे भरल्यानंतर आलं, आणि पर्यायी हॉटेल मानलं तरी गावातलं, तळमजल्याची रूम असलेलं ही अट तुम्हीच 9:20 ला मान्य केली होती, 15 किलोमीटरवरचा दुसरा मजला त्यात कसा बसतो ते लेखी कळवा. शेवटी 15 दिवसांची मुदत, नुसतं "लवकरात लवकर" नाही तर तारीख टाकून, आणि त्यानंतर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ हे एका वाक्यात. "फसवणूक" हा शब्द एकदाही नाही.

तिसऱ्या दिवशी काकांना फोन, "काका मेल कशाला, घरचे आहात तुम्ही, पुढच्या टूरला 3,000 डिस्काउंट देतो." काकांनी मी सांगितल्याप्रमाणे फक्त ऐकून घेतलं आणि त्याच मेलच्या खाली लिहिलं, "आज दुपारी 4:10 ला आपण फोनवर पुढील टूरवर 3,000 सवलत देऊ केलीत, ती मला मान्य नाही, कृपया मेलवर उत्तर द्यावे." नवव्या दिवशी टॅक्सीचे 4,200 खात्यात आले, सोबत एक ओळ, "ड्रायव्हर साइडने मिस्टेक झाली". हॉटेलबद्दल मात्र तेच, ऑर सिमिलर.

मुदत काल संपली. काका सकाळीच आले, म्हणाले 4,600 साठी कोर्टाची फी किती जाईल? 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि ती ई-जागृती पोर्टलवर भरता येते, हे सांगितलं. चॅटसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल, त्यासाठी काकांचा तोच फोन लागणार. मुलगा त्यांना नवीन फोन घेऊन देत होता, जुना एक्स्चेंजमध्ये द्यायचा ठरलेला. काकूंनी तिथेच मुलाला फोन लावला, "अरे, एक्स्चेंज कॅन्सल कर."