मोदक आणि उकळलेलं पाणी

‘तुमचे मिस्टर जैन, तुमच्याकडे गणपती बसतो. उपास, पूजा, खाणंपिणं सगळंच वेगळं. एकमेकांवर जबरदस्ती न करता रोजचं कसं जमवता?’

रोजचं तसं सोपं आहे, खरी परीक्षा भाद्रपदात असते. नवरा श्वेतांबर मूर्तिपूजक. पर्युषण या त्यांच्या आठ दिवसांच्या पर्वाचा आठवा आणि शेवटचा दिवस, संवत्सरी, भाद्रपद शुद्ध चतुर्थीला येते, म्हणजे बहुतेक वर्षी आमच्या गणपतीच्याच दिवशी. २०२५ मध्ये दोन्ही २७ ऑगस्टला होते. एकाच स्वयंपाकघरात मी एकवीस मोदक उकडत असते आणि त्याचा कडक उपास असतो. कडक म्हणजे साबुदाणा-वरी नव्हे. आदल्या दिवशी सूर्यास्ताआधी जेवायचं, मग तिसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटं होईपर्यंत अन्न नाही. साधारण छत्तीस तास. पाणी चालतं, पण उकळून गार केलेलं आणि तेही फक्त दिवसा. पावसाळ्यात ते उकळलेलं पाणी तीन प्रहर, म्हणजे नऊ तासच चालतं.

हे पाणी तो स्वतः उकळतो, गाळतो, झाकून ठेवतो. सांगायला क्षुल्लक वाटेल, पण आमचं सगळं यावरच उभं आहे. ज्याचा नेम, त्याचे कष्ट. उपासाचं पच्चक्खाण, म्हणजे सकाळी हात जोडून घेतलेला नियम, ज्याने घेतला त्याच्यापुरताच असतो. तसंच मी आदल्या दिवशी हरतालिका करते, तेव्हा वाळू, पत्री, फुलं माझी मी आणते. ‘आज माझा उपास आहे, जरा हे करशील का’ हे वाक्य आठवड्यात दोनदा उच्चारलं गेलं, की समोरचा न घेतलेलं व्रत पाळायला लागतो.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं, ‘तू उपाशी आणि घरभर वेलची-गुळाचा वास. मोदक आईकडे करू का?’ तो म्हणाला, ‘नेम माझा, नाकही माझं. तू इथेच कर.’ तेव्हापासून तो विषय बंद.

प्रसादाचा मात्र बरेच दिवस घोळ होता. मला वाटायचं, दोन मोदक बाजूला काढून ठेवले की पारण्याला खाईल. पण ओलसर शिजवलेलं अन्न रात्र उलटली की त्यांच्याकडे वासी, म्हणजे अभक्ष्य. मोदकाला फ्रिजही वाचवत नाही. शेवटी उपाय निघाला तो खिरापतीचा. सुकं खोबरं, खारीक, खडीसाखर, बेदाणे. खसखस त्यांना बहुबीज म्हणून चालत नाही, त्यामुळे आमचं पंचखाद्य चारच खाद्यांचं. गणपतीला मोदकही आणि हेही. मुगाच्या पाण्याने पारणं झालं की नंतर तो सावकाश चिमूटभर तोंडात टाकतो. एखाद्या वर्षी नाही टाकत. मी डबा उघडून बघत नाही.

पारण्याच्या दिवशी आमची ऋषिपंचमी. माझ्या भाजीत सुरण, रताळं, अळकुड्या, म्हणजे त्याला वर्ज्य असलेली झाडून सगळी कंदमुळं. एकादशीलाही तीच गंमत, माझ्या उपासाचा बटाटा त्याला एरवीही चालत नाही. खिचडी मी बिनबटाट्याची करते आणि माझ्यापुरता बटाटा वेगळ्या कढल्यात परतते. कांदा-लसूण-बटाट्याची टोपली ओट्याखाली उघड्यावर असते. लपवायची नाही, हे आम्ही ठरवून केलं. घरात एकाला चोरून खावं लागलं किंवा खाऊन आल्यावर खोटं सांगावंसं वाटलं, की दडपण शिरलं म्हणून समजावं. कोणी तोंडाने काही बोललेलं नसलं तरी.

चातुर्मासात तो चौविहार पाळतो, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. तो डबा ऑफिसातच खातो, मी साडेआठला एकटी जेवते. एकटं जेवणं मला आवडत नाही, आणि तो शेजारी बसून गप्पा मारतो हा काही पूर्ण उपाय नाही. म्हणून त्या चार महिन्यांत न्याहारी मात्र एकत्रच करायची, नवकारशीची वेळ झाली की, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. त्यासाठी मी चहा उशिरा घेते. एवढी एक सूट मी आपणहून दिली आहे.

संवत्सरीला दुपारी तो प्रतिक्रमणाला, म्हणजे वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागण्याच्या विधीला, उपाश्रयात जातो, चांगले तीन तास. परतेपर्यंत आमची आरती होऊन गेलेली असते, कारण आरती त्याच्यासाठी थांबवायची नाही असं त्यानेच सांगितलंय. नातेवाईक मात्र तेव्हाच जमलेले असतात. ‘जावईबापूंनी प्रसाद नाही घेतला?’ असं आत्या दरवर्षी विचारते. तिला उत्तर द्यायचं काम माझं. सुनेने अठ्ठाई, म्हणजे सलग आठ दिवसांचा उपास, का केली नाही, असं त्याच्या आईने विचारलं तर बोलायचं काम त्याचं. तेव्हा मी चहा टाकायला आत जाते.