मार्च आला की 2N7000 मरायला लागायचे

आमच्या कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबचं स्टोअर रजिस्टर माझ्याकडे असतं. विदर्भातलं कॉलेज. मॉस्फेट म्हणजे गेट या पायावरच्या व्होल्टेजने ड्रेन आणि सोर्स या पायांमधला करंट ताब्यात ठेवणारा ट्रान्झिस्टर, आणि 2N7000 हा त्यातलाच एक. त्याची वैशिष्ट्ये काढायचा प्रयोग दोन्ही सत्रांत होतो, फक्त मुलं वेगळी असतात. रजिस्टर चाळताना लक्षात आलं की पावसाळी सत्रात 2N7000 क्वचितच बदलून द्यावे लागतात, आणि फेब्रुवारी संपला की रोजच कोणीतरी दारात उभं असतं, "मॅडम, हा पण गेला."

स्टाफरूममधलं ठरलेलं उत्तर असं होतं की मुलं उलटंसुलटं जोडतात. मला ते पटत नव्हतं. उलटंसुलटं तर जुलैतही जोडतात. शिवाय हीच मुलं त्याच टेबलांवर CD4007 ही आयसी वापरतात. तिच्यातही मॉस्फेटच आहेत, तीन जोड्या, तरी ती सहसा मरत नाही.

मग मी मेलेले 2N7000 टाकून न देता एका डबीत जमवायला लागले आणि एकेक तपासला. मल्टिमीटर डायोडवर ठेवून लाल प्रोब सोर्सला आणि काळा ड्रेनला लावला, तर बहुतेकांचा आतला डायोड ०.६ च्या आसपास व्यवस्थित दिसत होता. जास्त करंटने जळाला असता तर ड्रेन आणि सोर्स एकमेकांना चिकटले असते. इथे बिघाड गेटला होता. गेट आणि सोर्स यांच्यामध्ये काचेसारखा ऑक्साइडचा थर असतो, म्हणून तिथे रेझिस्टन्स मोजला तर मीटरने काहीच दाखवायला नको. या सगळ्यांमध्ये काहीशे ओहमपासून काही किलोओहमपर्यंत आकडे येत होते. म्हणजे ऑक्साइडला भोक पडलेलं. ब्रेडबोर्डवर याची खूण अशी की गेटला १० किलोओहममधून ५ व्होल्ट दिले तरी प्रत्यक्ष गेटवर जेमतेम व्होल्ट-दीड व्होल्ट पोचतो, आणि ड्रेन करंट ढिम्म हलत नाही.

हे भोक पडायला किती लागतं? डेटाशीटमध्ये गेट-सोर्सची मर्यादा २० व्होल्ट आहे. ऑक्साइड फुटतो त्याच्या बराच वर. हिशेबासाठी ७० व्होल्ट धरू. गेटची कपॅसिटी जास्तीत जास्त ५० पिकोफॅरड. माणसाच्या अंगाची कपॅसिटी स्थिर विजेच्या हिशेबात १०० पिकोफॅरड धरतात आणि तिच्या मालिकेत १५०० ओहम. आता अंगावर चार्ज असलेल्या मुलाने सोर्स ग्राउंडला जोडलेला असताना गेटला बोट लावलं, तर चार्ज दोन कपॅसिटरमध्ये वाटला जातो:

```
Vgate = Vbody × 100 / (100 + 50)
70 V  = Vbody × 0.667   →   Vbody ≈ 105 V
```

अंगावर जेमतेम शंभर व्होल्ट असले तरी काम तमाम. दाराच्या कडीला हात लागून जो चटका बसतो तो साधारण ३००० व्होल्टच्या पुढेच जाणवतो. म्हणजे मुलगा प्रामाणिकपणे सांगतो, "मॅडम, मला काहीच शॉक लागला नाही," आणि तो खरंच बोलत असतो.

एचओडी सरांना हिशेब दाखवला. ते म्हणाले, "गणित ठीक आहे, डोळ्यांना दिसेल असं काही दाखवा." त्यासाठी केलेली जुळणी पुढे आमची रोजची चाचणीच झाली. ९ व्होल्टची बॅटरी, एलईडी, १ किलोओहम, त्याखाली 2N7000 चा ड्रेन, आणि सोर्स बॅटरीच्या उणे टोकाला. गेटचा पाय ब्रेडबोर्डमध्ये न खोचता हवेत वाकवून ठेवायचा. त्याला बॅटरीच्या अधिक टोकाची वायर क्षणभर टेकवायची आणि काढून घ्यायची. एलईडी लागतो आणि वायर काढली तरी लागलेलाच राहतो, कारण गेटवरच्या चार्जला जायला वाट नसते. ५० पिकोफॅरडवरचा चार्ज मिनिटभर टिकायचा तर गळतीचा रेझिस्टन्स दशलक्ष मेगओहमच्या घरात हवा. साधा मल्टिमीटर तिथवर पोचतच नाही. गेटवर किती व्होल्ट आहेत हे मोजायला मीटर लावलात तर त्याच्या १० मेगओहममधून सगळा चार्ज दोन-तीन मिलिसेकंदांत संपतो आणि एलईडी विझतो.

दुसऱ्या दिवशी सर जुळणीसमोर बसले. मी एलईडी विझवून ठेवला. शेजारचा एक विद्यार्थी प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठला, आणि कोणी हात न लावता हातभर अंतरावर एलईडी लागला. तो पुन्हा बसला तर विझला. त्याने अंगात पॉलिएस्टरचा अॅप्रन घातला होता. सरांनी त्याला आणखी दोन-तीनदा उठबस करायला लावली, मग म्हणाले, "खर्च किती येईल ते लिहून द्या."

ऋतूचं कोडंही इथेच सुटलं. मार्च-एप्रिलच्या दुपारी आमच्याकडे हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते. जुलैत सगळ्या पृष्ठभागांवर ओलाव्याचा सूक्ष्म थर असतो आणि चार्ज त्यावरून ओघळून जातो. शेजारच्या लॅबमध्ये हवा ओलसर करणारा कुलर आहे आणि आमच्याकडे हवा कोरडी करणारा एसी, त्यामुळे तक्रारी आमच्याकडेच जास्त. अर्थात हाच ओलावा एलईडी चाचणीलाही बाधतो. पावसाळ्यात चांगल्या मॉस्फेटचा एलईडीही लवकर मंद होतो, म्हणून तेव्हा निकाल एका खात्रीच्या नगाशी ताडूनच द्यावा लागतो.

मग CD4007 का तगते? तिच्या प्रत्येक गेट-पिनपासून आतच डायोड घातलेले आहेत. गेटचा व्होल्टेज पिन १४ च्या, म्हणजे व्हीडीडीच्या, वर चढू लागला की एक डायोड तो तिकडे वळवतो. पिन ७ च्या, म्हणजे व्हीएसएसच्या, खाली गेला की दुसरा. शिवाय वाटेत एक रेझिस्टर, म्हणजे धक्का ऑक्साइडपर्यंत पोचायच्या आत डायोड चालू होतात. हे डायोड मल्टिमीटरने बघता येतात. लाल प्रोब पिन ७ वर आणि काळा पिन ६ वर ठेवा. मग लाल पिन ६ वर आणि काळा पिन १४ वर. दोन्हीकडे डायोडचा आकडा यायला हवा. शून्य आला किंवा काहीच नाही आलं तर पहारेकरी गेलेला आहे.

अंगावर २००० व्होल्ट असतील तर १५०० ओहममधून पहिल्या क्षणी १.३३ अँपिअर वाहतात. डायोड ते सोसतो, कारण सगळा खेळ दीडशे नॅनोसेकंदांत ओसरतो. पण त्याच पिनमधून सतत १० मिलिअँपिअरच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, असं डेटाशीट सांगतं. इथे मुलांची वेगळीच गंमत होते. पॉवर सप्लाय बंद, फंक्शन जनरेटर चालू, आणि CD4007 चा इन्व्हर्टर तरी आउटपुट देतोय! जनरेटरचा सिग्नल वरच्या डायोडमधून व्हीडीडीत शिरतो आणि अख्खी आयसी इनपुटवरच चालायला लागते. व्हायव्हात विचारायला हा माझा आवडता प्रश्न आहे. एकट्या एनमॉसची वैशिष्ट्ये काढताना पिन १४ मोकळी सोडली तरी असेच विचित्र वक्र येतात. पिन १४ सर्वांत वरच्या आणि पिन ७ सर्वांत खालच्या व्होल्टेजला जोडलेलीच हवी.

2N7000 मध्ये हे संरक्षण नाही. गेटला झेनर जोडलेले छोटे मॉस्फेट मिळतात, पण त्यांच्या गेटची गळती कितीतरी जास्त असते. आमच्या एलईडी चाचणीत असा धडधाकट नगही नापास व्हायचा.

उपायांची चर्चा सुरू झाली तेव्हा एका सरांनी सुचवलं की गेट आणि सोर्समध्ये कायमचा १०० किलोओहम लावून टाका. तो आम्ही लावलाच, कारण त्यामुळे मोकळं गेट हळूहळू चार्ज होत नाही. पण बोटाच्या ठिणगीपुढे तो बिनकामाचा. बोटातला चार्ज गेटवर उतरायला साधारण पन्नास नॅनोसेकंद लागतात, आणि ५० पिकोफॅरड १०० किलोओहममधून रिकामे व्हायला ५ मायक्रोसेकंद, म्हणजे शंभरपट. तिथे लागतो थेट शॉर्ट. पूर्वी मॉस्फेट पायांभोवती धातूची स्प्रिंग लावूनच विकायला यायचे, तीच युक्ती आम्ही उचलली. वायरची एक बारीक तार काढून तिन्ही पायांना गुंडाळायची, मॉस्फेट खोचायचा, बाकीची सगळी जोडणी पुरी करायची, आणि शेवटी चिमट्याने तार ओढून घ्यायची. मुलांना सुरुवातीला हा जाच वाटला. ज्यांना तारेचा कंटाळा त्यांच्यासाठी गेट-सोर्सला १२ व्होल्टचा झेनर, तोही चालतो.

साठवण आधी पांढऱ्या थर्माकोलमध्ये खोचून व्हायची. यापेक्षा वाईट जागा नाही. काळा कंडक्टिव्ह फोम मागवला. तो येईपर्यंत थर्माकोलवर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून पाय त्यातून आरपार खोचले.

अंगावरचा चार्ज अर्थमध्ये उतरवणारे मनगटी पट्टे घ्यायच्या आधी मी अर्थिंग तपासून घेतलं, आणि बरं झालं. फेज ते अर्थ २३० आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट यायला हवे होते. भिंतीलगतच्या काही सॉकेटची तिसरी पिन नुसतीच होती, मागे वायरच नाही. अशा सॉकेटवर लावलेल्या ऑसिलोस्कोपची बॉडी आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे शंभरएक व्होल्टवर तरंगत राहते. त्याचं ग्राउंड सोर्सला, आणि जमिनीवर उभ्या मुलाचं बोट गेटला! त्या कोपऱ्यातले मॉस्फेट इतके का जात होते, ते तेव्हा कळलं. दोन पिनच्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकालाही हाच रोग असतो. इलेक्ट्रिशियनकडून ती सॉकेट नीट करून घेतली, आयर्न तीन पिनचे आणले, आणि मगच पट्टे वाटले. पट्ट्यात १ मेगओहम असतोच. चुकून २३० व्होल्टला हात लागला तर त्यातून पाव मिलिअँपिअरसुद्धा जात नाही, आणि अंगावरचा चार्ज मात्र मिलिसेकंदाच्या आत उतरतो. पट्ट्याची वायर तुटली तर बाहेरून कळत नाही, म्हणून बॅच सुरू होताना मीटरने तो मेगओहम बघून घ्यायचा, हे जर्नलच्या पहिल्या पानावर छापून टाकलंय.

त्यानंतरच्या उन्हाळी सत्रात 2N7000 ची मागणी पावसाळ्याइतकीच राहिली. आता जे खराब निघतात ते बहुतेक दुकानातूनच तसे येतात. दुकानदार काउंटरवर सुटे मोजतो आणि साध्या प्लास्टिकच्या झिप पिशवीत भरतो. नवा माल आला की प्रत्येक नग एलईडीवर धरते. जो लगेच मंद होतो तो परत. भोक पडता पडता राहिलेला, अजून न गळणारा नग मात्र या चाचणीत पास होतो आणि पुढे कधीतरी एखाद्या मुलाच्या प्रोजेक्टमध्ये दगा देतो. म्हणून प्रोजेक्टसाठी मी बंद रीळमधले नग वेगळे ठेवते.